बदलीवर तमिळनाडूला जाणाऱ्यांना तमिळ शिकवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

बँका, विमा कंपन्या, रेल्वे, टपाल आणि केंद्र सरकारच्या इतर खात्यांतून तमिळनाडूत बदली झालेल्या मराठी माणसांसाठी जे तमिळचे वर्ग घेतात, त्या वर्गांचे चालक, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य आणि शिक्षक यांना सप्रेम नमस्कार.

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. नोकरीची बरीच वर्षं तमिळनाडूतल्या जिल्ह्याच्या गावांमधल्या शाखांत गेली. आता तिकडे निघालेली आपल्याकडची मुलंमुली तयारीसाठी माझ्याकडे येतात. तुमच्या वर्गांतून चांगल्या गुणांनी पास होऊन आलेली असतात. अक्षरं वाचता येतात, क्रियापदं चालवता येतात, उच्चारही बरे असतात. तरीही पहिल्याच आठवड्यात त्यांची काउंटरवर एकसारखीच अडचण होते, आणि तिचं कारण मुलांच्या अभ्यासात नसून तुमच्या अभ्यासक्रमात आहे. ते दुरुस्त करणं तुमच्या हातात आहे म्हणून हे पत्र.

तुम्ही लिहिण्याची तमिळ शिकवता आणि ती बोलण्यासाठी वापरा म्हणून सांगता. तमिळमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्याची तमिळ तिच्या स्वतःच्या नियमांसकट, आधी आणि कानाने शिकवा, ही माझी मागणी आहे.

पुढे तमिळ शब्द देवनागरीत लिहिले आहेत. त्यांतला शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारायचा. जिथे व्यंजनावरच शब्द संपतो तिथे पाय मोडला आहे.

आमच्या शाखेत नांदेडकडचा एक तरुण अधिकारी नव्याने आला होता. पेन्शनच्या दिवसांत एक आजी काउंटरशी आल्या आणि म्हणाल्या, “एन् पेन्शन् वन्दुडुच्चा?” ‘पेन्शन’ कळलं, पुढचं काही लागेना. पाठ्यपुस्तकात त्याने ‘वन्दुविट्टदा’ (आलं का) शिकलं होतं. खातं उघडून पाहिलं, रक्कम जमा नव्हती, म्हणून त्याने व्यवस्थित सांगितलं, “इल्लै, नाळै वरुम्” (नाही, उद्या येईल). आजींना ते चांगलं कळलं. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न केला, “नाळेक्कि वन्दा केडेक्कुमा?” म्हणजे, उद्या आले तर मिळेल का? आता मात्र तो गडबडला. ‘वन्दा’ त्याच्या कानाला ‘वन्दाळ्’सारखं वाटलं, म्हणजे ‘ती आली’. कोण आली, कशासाठी आली, हे त्याला समजेना. पुस्तकात हेच वाक्य ‘नाळैक्कु वन्दाल् किडैक्कुमा’ असं असतं. बोलताना ‘वन्दाल्’ (आलं तर) मधला ल् जातो, ‘वन्दाळ्’ (ती आली) मधला ळ्ही जातो, आणि दोन्ही ‘वन्दा’ होतात. तमिळ माणूस संदर्भावरून ओळखतो. याला ल् जातो हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. शेवटी शेजारच्या खिडकीवरच्या सहकाऱ्याने उत्तर दिलं. आजी गेल्या, आणि त्या दिवसापासून हा मुलगा तमिळ सोडून मोडक्या इंग्रजीवर आला.

या प्रसंगात आजींना त्याचं बोलणं कळलं. अडचण एकाच बाजूची होती. लिहिण्याची तमिळ शाळेत शिकलेली, बातम्यांत ऐकलेली, सभेतल्या भाषणांत कानावर पडलेली असते, त्यामुळे ती बहुतेक तमिळ लोकांना समजते. आपला माणूस पुस्तकी बोलला तरी काम होतं. पण उत्तर पुस्तकी भाषेत येत नाही, कधीच येत नाही. तुमच्या वर्गात शिक्षक मुलाला वाक्य बोलायला लावतात, ते बरोबर आलं की गुण देतात. समोरचा काय म्हणेल ते समजतं का, याची परीक्षा होत नाही. म्हणून तुमच्या निकालपत्रकात हा दोष कधी दिसलाच नाही.

आता कुणी म्हणेल की बोली कुठे नसतात? मराठीतही वऱ्हाडी आहे, मालवणी आहे, अहिराणी आहे. हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि माझ्या मते सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. प्रमाण मराठी आणि बोली यांत अंतर आहे हे खरं, पण प्रमाण मराठीच्या अगदी जवळचं बोलणारी घरं आहेत. तिथे मूल जी भाषा आईकडून ऐकतं, तीच थोड्याफार फरकाने पुस्तकात वाचतं. ‘हवे’चं ‘हवं’, ‘केले’चं ‘केलं’ एवढाच काय तो फरक, आणि तोही इतका किरकोळ की हे पत्र मी ‘केलं-गेलं’ करत लिहितो आहे आणि वाचताना तुम्हाला कुठे अडलं नसेल. तमिळमध्ये असं एकही घर नाही. चेन्नईतला प्राध्यापक असो की तिरुनेलवेलीचा शेतकरी, जेवायला बसल्यावर कुणीही लिहिण्याची तमिळ बोलत नाही. ती कुणाचीच मातृभाषा नाही. प्रत्येकजण ती शाळेत शिकतो. आणि उलट बाजूने, बोलण्याच्या तमिळमध्ये कुणी अर्ज लिहीत नाही. कादंबरीतही निवेदन एका भाषेत आणि पात्रांचे संवाद दुसऱ्या भाषेत असतात. एकाच समाजात दोन भाषारूपं, प्रत्येकाची कामं वाटून दिलेली, आणि वरच्या रूपाला जन्मजात बोलणारा कुणी नाही, या स्थितीला भाषाशास्त्रात डायग्लॉसिया म्हणतात. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये अरबी, ग्रीक, स्विस जर्मन आणि हैतीची क्रिओल या चार उदाहरणांवरून तिची मांडणी केली. त्यातलं एक निरीक्षण तुमच्या कामाचं आहे: असे समाज खालच्या रूपाला भाषा मानायलाच तयार नसतात. रोज तेच बोलतात आणि ते ‘खरं नाही’ असं सांगतात.

तमिळबाबत हे तुम्ही स्वतः अनुभवलं असेल. एखाद्या सुशिक्षित तमिळ स्नेह्याला विचारा, “‘मी जातो’ला काय म्हणता?” तो थांबेल, नीट आठवेल आणि शब्द तोडून सांगेल, “नान् पोगिरेन्.” तेवढ्यात त्याला फोन येईल आणि तो त्यात म्हणेल, “इदो, पोरेन्.” त्याला विचारलंत की हे पोरेन् काय, तर ‘ते कोच्चै आहे, शिकू नका’ असं उत्तर येईल. कोच्चै म्हणजे ओबडधोबड, असंस्कृत. तो तुम्हाला फसवत नसतो. पाहुण्यापुढे चांगलं ते ठेवावं, ही त्याची भावना असते. तुमच्या वर्गांत येणारे तमिळ शिक्षकही याच भावनेने शिकवतात. चूक त्यांची म्हणता येणार नाही. पण अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी ती ओळखायला हवी, कारण भाषक स्वतःच्या बोलण्याबद्दल जे सांगतो आणि प्रत्यक्षात जे बोलतो त्यांत इथे मोठी दरी असते.

बोलण्याच्या तमिळला नियम नाहीत, ती नुसती घाईत बिघडलेली भाषा आहे, हा समज तर पूर्ण चुकीचा आहे. हे थोडं सविस्तर दाखवतो, कारण तुमच्या समितीत यावरच वाद होईल.

आजींचा पहिला प्रश्न पाहा. लिहिण्यात ‘वन्दुविट्टदा’, बोलण्यात ‘वन्दुडुच्चा’. ‘विडु’ हे सहायक क्रियापद आहे. आपल्या ‘येऊन गेलं’, ‘करून टाकलं’ मधल्या गेलं-टाकलं सारखं काम पुरं झाल्याचं दाखवतं. बोलताना त्यातला ‘वि’ गळतो आणि उरलेलं आधीच्या शब्दाला चिकटतं. शेवटचं ‘-ट्टदु’ हे ‘-डुच्चु’ होतं. हेच दुसरीकडे लावा. ‘मुडिन्दुविट्टदु’ म्हणजे संपलं. त्यात आणखी एक नियम लागतो: इकारानंतर ‘न्द’चा ‘ंज’ होतो. मग बोलण्यात येतं ‘मुडिंजिडुच्चु’. दुपारी काउंटर बंद करताना प्रत्येक शाखेत रोज ऐकू येणारा शब्द हा. इकारानंतर ‘त्त’चाही असाच ‘च्च’ होतो: ‘पडित्तेन्’ (मी वाचलं) चं ‘पडिच्चेन्’, ‘अडित्तान्’ (त्याने मारलं) चं ‘अडिच्चान्’. आणि ‘ऐन्दु’, म्हणजे पाच, त्याचं ‘अंजु’ कसं झालं, ते याच वाटेने. ‘ऐ’च्या शेवटी इकाराचाच उच्चार आहे ना! तुमच्या पुस्तकात ‘अंजु’ हा आकड्यांच्या पाठात ‘बोलीभाषेत’ असा कंस करून एकटा टाकलेला असतो. मुलं तो अपवाद म्हणून घोकतात. तो अपवाद नाही.

दुसरा नियम याहून सोपा आहे. पुस्तकात जिथे ‘ट्र’ वाचायला शिकवता तिथे बोलण्यात ‘त्त’ येतो. ‘नेट्रु’ (काल) चं ‘नेत्तु’. ‘काट्रु’ (वारा) चं ‘कात्तु’. ‘वयिट्रिल्’ (पोटात) चं ‘वयित्तुले’. माझ्याकडे येणाऱ्या परिचारिकांना मी हा शेवटचा शब्द आधी शिकवतो, कारण रुग्ण पोटात दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा ‘वयिट्रिल्’ म्हणणारा एकही भेटणार नाही. त्याच्या बरोबरीने ‘न्ड्र’चा ‘ण्ण’ किंवा ‘ण’: ‘ओन्ड्रु’चं ‘ओण्णु’, ‘मून्ड्रु’चं ‘मूणु’. एक आणि तीन हे आकडे पैशाच्या व्यवहारात दिवसभर लागतात, आणि पुस्तकी रूपातले ते आपल्या मुलांना काउंटरवर एकदाही ऐकू येत नाहीत.

तिसरा नियम स्वरांचा. शब्दाच्या पहिल्या अक्षरात ‘इ’ किंवा ‘उ’ असेल, त्यानंतर एकच व्यंजन असेल आणि त्याला ‘अ’ किंवा ‘ऐ’ लागलेला असेल, तर बोलताना ‘इ’चा ‘ए’ आणि ‘उ’चा ‘ओ’ होतो. ‘इडम्’ (जागा) चं ‘एडँ’, ‘उडम्बु’ (अंग) चं ‘ओडंबु’, ‘कुडै’ (छत्री) चं ‘कोडे’, ‘कुळन्दै’ (मूल) चं ‘कोळन्दे’. आजींच्या तोंडचं ‘केडेक्कुमा’ हे ‘किडैक्कुमा’पासून आलं ते असं. आणि ‘विलै’, म्हणजे किंमत, बाजारात ‘वेले’ असते. शब्दाच्या शेवटचा ‘ऐ’ही ‘ए’ होतो, हे याच उदाहरणांत दिसतं.

काउंटरवरचं सगळ्यात नेहमीचं वाक्य आता सबंध घेऊ. पैसे काढायचे आहेत. लिहिण्यात: ‘पणम् एडुक्क वेंडुम्’. बोलण्यात: ‘पणँ एडुक्कणुम्’. शेवटचा म् नाकात विरला म्हणून ‘पणँ’. ‘वेंडुम्’ (हवं) एकटं असलं की ‘वेणुम्’ होतं. पण क्रियापदानंतर आलं की त्याचा सुरुवातीचा भागच गळतो आणि नुसतं ‘-णुम्’ क्रियापदाला जोडलं जातं. ‘पोग वेंडुम्’ (जायचं आहे) चं ‘पोगणुम्’, ‘साप्पिड वेंडुम्’ (जेवायचं आहे) चं ‘साप्पिडणुम्’. पुस्तक शिकलेला मुलगा इथे ‘वेंडुम्’ची वाट पाहत राहतो. तो येत नाही, मग गिऱ्हाइकाला पैसे हवेत की त्याने काढले आहेत की काढू नयेत, काहीच ठरवता येत नाही. याच वाक्याला उत्तर म्हणून त्याने विचारायचं असतं, काल तुम्ही किती काढले? लिहिण्यात: ‘नींगळ् नेट्रु एव्वळवु पणम् एडुत्तीर्गळ्?’ बोलण्यात: ‘नींग नेत्तु एव्ळो पणँ एडुत्तींग?’ यात कर्त्याचा ळ् गेला, ‘काल’साठीचा शब्द बदलला, ‘किती’साठीचा आखडला, आणि क्रियापदाचं ‘-ईर्गळ्’ हे ‘-ईंग’ झालं. एवढे बदल आहेत, पण त्यातला एकही मनमानी नाही. हेच प्रत्यय पुढच्या हजार वाक्यांत असेच बदलणार आहेत. चार-पाच आठवड्यांत हे सगळं कानात बसतं, जर कुणी ते नियम म्हणून समोर ठेवलं तर.

तमिळ जाणणाऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. अठराव्या शतकात इटलीहून आलेले जेझुइट धर्मगुरू बेस्की, ज्यांना तमिळ लोक वीरमामुनिवर म्हणून ओळखतात, यांनी उच्च तमिळचं एक आणि सामान्य तमिळचं दुसरं अशी दोन वेगळी व्याकरणं लिहिली. त्यांना गावागावांत लोकांशी बोलायचं होतं, आणि विद्वानांशी चर्चाही करायची होती. एका व्याकरणात दोन्ही कामं होणार नाहीत हे त्यांना कळलं. आपल्या काळात हॅरल्ड शिफमन यांनी बोलण्याच्या तमिळचं संपूर्ण व्याकरण मांडलं, ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे सामग्री नाही ही सबब चालणार नाही.

दोन रूपांतली दरी एवढी का, हेही वर्गात एकदा सांगायला हवं, नाहीतर मुलं तमिळ लोकांनाच दोष देऊ लागतात. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या तमिळ व्याकरणाचा पाया आजही ‘नन्नूल’ हा आहे, आणि तो पवनंदींनी तेराव्या शतकाच्या सुमाराला रचला. आपल्याकडे ज्ञानेश्वरी झाली तो हा काळ. आजची लिखित तमिळ अगदी त्या काळची आहे असं नाही, पण रूपं कशी असावीत याचा दंडक तिथून आला, आणि जिभा मात्र पुढे चालत राहिल्या. त्यात विसाव्या शतकात दुसरी भर पडली. १९१६ मध्ये मरैमलै अडिगळ यांनी तनित्तमिळ म्हणजे शुद्ध तमिळची चळवळ सुरू केली. स्वतःचं वेदाचलम हे संस्कृत नावही त्यांनी बदललं. या चळवळीचा परिणाम सर्वांत जास्त लेखनावर झाला. आपल्या शाखेच्या पाटीवर ‘वंगि’ असतं, गिऱ्हाईक ‘बँक’ म्हणतं. फॉर्मवर ‘सेमिप्पु कणक्कु’ (बचत खातं) छापलेलं असतं, बोलण्यात ‘एस्बी अकौंट’. सही करा असं छापताना ‘कैयोप्पम्’, सांगताना ‘कैयेळुत्तु पोडुंग’ किंवा सरळ ‘साइन पण्णुंग’. ज्यांनी हे घडवलं त्यांना आपली भाषा प्राणापेक्षा प्रिय होती, आणि ती भावना समजून घेतल्याशिवाय तिथे राहता येत नाही.

म्हणूनच लिहिण्याची तमिळ सोडून द्या असं मी मुळीच म्हणत नाही. बसवरच्या पाट्या, फॉर्म, परिपत्रकं, नोटिसा, रेल्वेच्या घोषणा, टीव्हीवरच्या बातम्या, सगळं तिच्यात आहे. फक्त बोलणं शिकलेला माणूस तिथे निम्मा निरक्षर राहतो, आणि आपला कारभार तर कागदाचा. माझं म्हणणं इतकंच की ती वाचायला आणि ऐकून समजायला शिकवा. बोलायला नको. आपल्या मुलांना लिखित तमिळमध्ये बोलायची वेळ येतच नाही. शाखेच्या वर्धापनदिनाला भाषण करावं लागलं तर ते लिहून नेता येतं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: दोन्हींची खिचडी करू नका. काही वर्गांत ‘थोडं बोलीकडे झुकतं’ म्हणून शब्द बोलण्याचे घेतात आणि प्रत्यय लिहिण्याचे ठेवतात. ‘रोम्ब’ (खूप) हा शब्द बोलण्यातला, पण पुढे क्रियापद ‘इरुक्किरदु’. तमिळ माणूस ‘इरुक्कु’ म्हणतो. अशी भाषा जगात कुणीच बोलत नाही. ती शिकून मुलाला ना पाटी नीट वाचता येते, ना माणसाचं बोलणं कळतं.

मग बोलण्याच्या तमिळमधली कोणती? हा प्रश्न रास्त आहे. मदुरैची वेगळी, कोंगू भागातली वेगळी, ब्राह्मण घरांतली वेगळी, श्रीलंकेतल्या जाफनाची तर फारच वेगळी. पण वेगवेगळ्या जिल्ह्यांतली, वेगवेगळ्या जातींची शिकलेली माणसं ऑफिसात एकमेकांशी बोलताना ज्या सामाईक बोलण्यावर येतात, ते आता पुष्कळ स्थिर झालेलं आहे. चित्रपटांतले आणि मालिकांतले साधे संवाद त्याच्याजवळचे आहेत. ते शिकवा. गावाचे खास शब्द गाव शिकवतं.

शिष्टाचाराची काळजी अनेक शिक्षकांना वाटते. साहेबासमोर, वडीलधाऱ्यांसमोर बाजारी भाषा कशी बोलायची? आदर तर बोलण्याच्या तमिळमध्येच भरलेला आहे. ‘नी’ आणि ‘नींग’ म्हणजे तू आणि तुम्ही. ‘वा’ आणि ‘वांग’ म्हणजे ये आणि या. ‘-ंग’ हा एक प्रत्यय सगळा मान सांभाळतो. कोइम्बतूरकडे तर नाही म्हणतानाही ‘इल्लींग’ म्हणतात, आणि त्या भागाच्या अदबीचं सगळ्या तमिळनाडूत कौतुक आहे. निरोप घेताना ‘पोय्ट्टु वरेन्’ म्हणजे जाऊन येतो म्हणतात. आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, तसंच. पुस्तकातलं ‘पोय् विट्टु वरुगिरेन्’ दारात उभं राहून म्हटलं तर पाहुणा उद्धट वाटणार नाही, परका वाटेल. आणि आपण तिथे जातो ते लोकांची कामं करायला. परकेपणा कमी व्हावा म्हणूनच तर भाषा शिकतो.

लिपीबद्दल माझं मत असं. पहिल्या दिवसापासून तमिळ लिपीत संवाद वाचायला दिले की मुलं लिहिलेलं बोलू लागतात, कारण लिपीबरोबर पुस्तकी रूपं आपोआप येतात. संवाद देवनागरीत द्या. आपल्याकडे ळ आहे, ही हिंदी भाषकांपेक्षा मोठी सोय. अडचण एका ठिकाणी येते. तमिळमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे, ‘ओ’ही तसेच, आणि मराठीत हा भेद नाही. मघाशी किंमत या अर्थाचं ‘वेले’ लिहिलं, त्यातला पहिला ‘ए’ ऱ्हस्व आहे. काम या अर्थाचं ‘वेलै’ बोलण्यात ‘वेले’च होतं, पण त्यातला पहिला ‘ए’ दीर्घ. दुकानात किंमत विचारताना काम विचारलं जाऊ नये म्हणून खूण हवी. देवनागरीत ऱ्हस्वासाठी ऎ आणि ऒ ही चिन्हं आहेत. वॆले आणि वेले असं लिहिलं की प्रश्न मिटतो. तमिळ लिपी समांतर शिकवा, पण पाट्या आणि फॉर्म वाचण्यासाठी.

साहित्य कसं तयार करायचं, तेही सांगतो, कारण इथे हमखास घसरण होते. खरीखुरी संभाषणं, बोलणाऱ्यांची परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रित करा: पेन्शन, पासबुक भरणं, हरवलेलं कार्ड, तिकीट रद्द करणं. मग ती कागदावर उतरवण्याचं काम तमिळ शिक्षकांवर सोपवू नका. त्यांना ‘वन्दुडुच्चा’ ऐकू येतं आणि हात ‘वन्दुविट्टदा’ लिहितो; शुद्ध करून लिहिण्याची सवय इतकी खोल असते की बदल केल्याचं त्यांच्या लक्षातही येत नाही. तमिळ शुद्धलेखन माहीत नसलेल्या मराठी माणसाने जे कानावर पडलं ते देवनागरीत लिहावं, आणि मग तमिळ शिक्षकाने ध्वनिमुद्रण पुन्हा लावून फक्त ऐकण्यातल्या चुका सुधाराव्यात. उतारा खरा झाला की नाही हे तपासायला एक सोपी खूण आहे: ज्या उताऱ्यात ‘-गिरेन्’, ‘-किरेन्’, ‘-ईर्गळ्’ किंवा सुटं ‘वेंडुम्’ दिसेल, तो कुणीतरी सुधारून लिहिलेला आहे.

तेव्हा माझ्या मागण्या तीन आहेत. अभ्यासक्रमाचा पहिला अर्धा भाग संपूर्ण बोलण्याच्या तमिळचा असावा. त्यानंतर दोन रूपांमधले बदल, वर दाखवले तसे, नियम म्हणून एकत्र शिकवावेत, म्हणजे मुलाला ऐकलेल्यावरून लिहिलेलं आणि लिहिलेल्यावरून ऐकलेलं ओळखता येईल. आणि परीक्षेत ऐकण्याची वेगळी प्रश्नपत्रिका असावी: अनोळखी माणसाचं नेहमीच्या वेगातलं बोलणं ऐकवायचं आणि त्याला काय हवं आहे ते मराठीत लिहायला सांगायचं. बाकीच्या दोन मागण्यांना वेळ लागेल हे मी समजू शकतो, पण ही तिसरी पुढच्याच तुकडीपासून अमलात आणता येईल. परवानगीने केलेली काउंटरवरची काही ध्वनिमुद्रणं आणि त्यांचे देवनागरी उतारे माझ्याकडे तयार आहेत. मागाल तेव्हा पाठवतो, आणि उतारे तपासायला शिक्षकांसोबत बसायलाही येतो.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी